विम्याचा हप्ता आणि सप्टेंबरचा तोटा: शिरोलीतल्या एका फाउंड्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

शिरोली एमआयडीसीतली ही फाउंड्री मध्यम आकाराची आहे. वाळूच्या साच्यात ओतकाम होतं, शेजारच्या शेडमध्ये मशीन शॉप आहे आणि माल ट्रॅक्टर व पंपांच्या कारखान्यांना जातो. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत, रकमाही गोल केल्या आहेत. प्रमाणं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत.

हिशोबाला तीन माणसं. पंचवीस वर्षं खातेवह्या सांभाळणारे काका, बिलं बुक करणाऱ्या मॅडम, आणि वर्षातून दोनदा येणारा सीएंच्या ऑफिसचा मुलगा. इआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर बसवून दीड वर्ष झालं होतं. खरेदी, साठा, विक्री सगळं त्यात चालायचं. इआरपी बसवताना मी होतो, म्हणून पुढचे फोन मलाच आले.

आगाऊ भरलेल्या खर्चाची रीत मात्र जुनीच होती. विमा, यंत्रांच्या वार्षिक देखभालीचं कंत्राट म्हणजे एएमसी, सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं, जे काही एकरकमी भरलं जाई ते बिल आलं त्याच दिवशी खर्चात. मग ३१ मार्चला काका एक्सेलमध्ये हिशेब मांडायचे, पुढच्या वर्षाचा भाग प्रीपेड, म्हणजे आगाऊ भरलेल्या खर्चाच्या, खात्यात नेणारी एक जेव्ही, म्हणजे जर्नल नोंद, मारायचे आणि १ एप्रिलला ती उलटवायचे. वर्षाच्या ताळेबंदाला यात काही खोट नव्हती. ऑडिटरांनीही कधी बोट ठेवलं नव्हतं.

अडचण

ऑक्टोबर २०२४ मध्ये धाकट्या मालकांचा फोन आला. कारखान्यात सगळे त्यांना दादाच म्हणतात.

"सर, सप्टेंबरात दोन लाखाचा तोटा दाखवतंय तुमचं इआरपी. माल तेवढाच गेला, भाव तोच हाय, वितळायचं वीजबिल बी तेवढंच. मग पैसं गेलं कुठं?"

एव्हाना त्यांनी मेल्टिंगच्या सुपरवायझरला रिजेक्शनवरून झापलंही होतं.

खातं उघडल्यावर कारण पाच मिनिटांत सापडलं. कारखान्याच्या आगीच्या आणि यंत्रांच्या विम्याचं नूतनीकरण झालं होतं. हप्ता १२,४१,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो वेगळ्या खात्यात गेला होता. पण हप्त्याचा पूर्ण आकडा सप्टेंबरच्या खर्चात बसला होता. एरवी महिन्याला साधारण दहा लाख सुटतात. त्यातून बारा लाख एकचाळीस हजार गेले तर उणेच उरणार.

मला मात्र सप्टेंबरपेक्षा एप्रिलचा आकडा जास्त टोचला. आधीच्या वर्षीच्या पॉलिसीचे ३१ मार्चनंतरचे १६९ दिवस शिल्लक होते, रोजचे ३,००० रुपये प्रमाणे ५,०७,००० रुपये. काकांनी १ एप्रिलला जेव्ही उलटवली आणि ते पाच लाख एका एप्रिलवर कोसळले. म्हणजे वर्षातले दोन महिने विम्याने खाल्ले होते आणि उरलेल्या दहा महिन्यांत विमा जणू फुकट होता. त्या दहा महिन्यांचा नफा दर महिन्याला लाखभराने फुगलेला दिसत होता, आणि त्या आकड्यांवर दादा कास्टिंगचे दर ठरवत होते. तोट्याचा महिना डोळ्यांत तरी भरतो. फुगलेल्या महिन्यांबद्दल कुणी फोन करत नाही.

पुढ्यातले पर्याय

काकांचं म्हणणं साधं होतं: "वर्षाचा हिशेब बरोबर हाय न्हवं? मग दादांना सांगा, सप्टेंबर आणि एप्रिल सोडून बाकीचे महिने बघा." हे मी हसण्यावारी नेलं नाही. महिन्याचा नफा कुणी वाचतच नसेल तर वर्षाची एक जेव्ही पुरते. इथे तो वाचला जात होता, एवढाच मुद्दा.

दुसरा पर्याय एक्सेलच्या तक्त्यावरून दर महिन्याला हाताने जेव्ही मारायचा. चार-पाच बिलं असती तर मी हाच निवडला असता. पण वर्षभरातली आगाऊ बिलं काढली तर चाळीसच्या आसपास निघाली आणि प्रत्येकाची मुदत निराळी.

तिसरा पर्याय इआरपीतल्या सोयीचा. खरेदी बिलाच्या ओळीवर `Enable Deferred Expense` ला खूण करायची, `Deferred Expense Account` मध्ये प्रीपेड खातं द्यायचं आणि `Service Start Date` व `Service End Date` भरायच्या. बिल बुक होताना रक्कम प्रीपेड खात्यात नावे पडते आणि मग महिन्याच्या शेवटी त्या महिन्याचा वाटा आपोआप खर्चात जातो.

तिसराच घ्यायचा ठरला, पण दोन गोष्टी आधी सोडवाव्या लागल्या.

पहिली, किती रकमेपासून ही यातायात करायची. सीएंनी २५,००० रुपयांची रेघ ओढली. त्याखालचं बिल सरळ खर्चात. रेघेच्या वर अकराच बिलं उरली, आणि आगाऊ रकमेचा बहुतेक भाग त्या अकरांतच होता.

दुसरी, वाटा दिवसांवर काढायचा की महिन्यांवर. `Accounts Settings` मध्ये `Book Deferred Entries Based On` इथे `Days` किंवा `Months` निवडावं लागतं, आणि ती निवड सगळ्या बिलांना सरसकट लागू होते. विम्याला एक आणि एएमसीला दुसरी असं करता येत नाही. महिन्यांवर काढलं तर प्रत्येक पूर्ण महिन्याला सारखीच रक्कम पडते, ती मालकांना वाचायला सोपी. दिवसांवर काढलं तर फेब्रुवारीला कमी आणि मार्चला जास्त पडतं. पण सीएंचा मार्चचा हिशेब पूर्वीपासून दिवसांवरच होता आणि दोन्ही आकडे रुपयापर्यंत जुळावेत अशी माझी इच्छा होती. आम्ही दिवस निवडले. पुढे दादांनी विचारलंच, "फेब्रुवारीत विमा स्वस्त झाला व्हय?"

काय केलं

पॉलिसी १७ सप्टेंबर २०२४ ते १६ सप्टेंबर २०२५, म्हणजे ३६५ दिवसांची. १२,४१,००० भागिले ३६५, रोजचे ३,४०० रुपये. सप्टेंबरच्या वाट्याला १४ दिवस.

पण बिल आधीच खर्चात बुक झालेलं होतं. मला वाटलं होतं की एक जेव्ही मारून रक्कम प्रीपेडला नेऊ आणि पुढचं इआरपी बघेल. तसं होत नाही. ही सोय खरेदी बिलाच्या ओळीवरून चालते. जेव्हीने नेलेल्या रकमेची मुदत तिला ठाऊक नसते. म्हणून बिल रद्द करून दुरुस्त प्रत करावी लागली. त्यामुळे त्याला जोडलेलं पेमेंट सुटलं, ते पुन्हा जोडलं. विमा कंपनीचा बिल नंबर आणि तारीख तशीच ठेवली, त्यामुळे जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी पत्रकाशी जुळणी बिघडली नाही. सप्टेंबरचं रिटर्न अजून भरायचं होतं, हे नशीब. ते भरून झालं असतं तर मी बिलाला हात न लावता त्या एका बिलापुरता हाताने जेव्हीचाच मार्ग धरला असता. एप्रिलपासून चालू असलेल्या तीन एएमसींना आम्ही तोच मार्ग दिला: मुदत संपेपर्यंत हाताने जेव्ही, नूतनीकरणापासून इआरपी.

मग `Process Deferred Accounting` उघडून सप्टेंबरची पहिली फेरी हाताने चालवली:

```
30-09-2024
Dr  Insurance Expense        47,600
    Cr  Prepaid Insurance    47,600
```

सप्टेंबरचा तोटा गेला आणि नऊ लाखांच्या वर नफा दिसू लागला. दादा खूश झाले, आणि सुपरवायझरला त्या दिवशी चहा पाजल्याचं नंतर कळलं.

जीएसटी आणि टीडीएस या दोन बाबतींत मॅडमचा गोंधळ उडाला होता, आणि तो कुणाचाही उडेल. वाटा पाडायचा तो फक्त खर्चाचा. कारखान्याच्या विम्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट त्याचे बारा तुकडे न करता बिलाबरोबर पूर्ण घेतलं. एएमसीवरचा टीडीएसही पूर्ण बिलावर, बुक करतानाच कापायचा. पण मालकांच्या मोटारीच्या विम्याचं उलटं आहे. त्या जीएसटीचं क्रेडिटच मिळत नाही, म्हणून तो हप्त्यातच मिळवून एकूण रकमेचा वाटा पाडायचा. मॅडमनी पहिल्यांदा मोटारीचा हप्ता प्रीपेडला नेला आणि त्यावरचा जीएसटी एका दिवसात खर्चात टाकला. ओळ दुरुस्त केली.

उशिरा आलेलं बिल

नोव्हेंबरच्या १८ तारखेला स्पेक्ट्रोमीटरच्या एएमसीचं बिल आलं, १,४६,००० रुपयांचं. मुदत १ ऑगस्ट २०२४ ते ३१ जुलै २०२५. कंत्राट ऑगस्टपासून चालू होतं, बिल मात्र साडेतीन महिन्यांनी आलं.

मॅडमनी मुदतीच्या तारखा अगदी बरोबर भरल्या. फेरी चालली आणि ३१ ऑक्टोबरच्या तारखेला ऑगस्ट ते ऑक्टोबर या ९२ दिवसांचे ३६,८०० रुपये खर्चात पडले. सप्टेंबरअखेरपर्यंतचा हिशोब आम्ही गोठवला होता, म्हणून प्रणालीने ऑगस्ट आणि सप्टेंबरचा वाटाही पहिल्या उघड्या महिन्यात ढकलला होता. पण ऑक्टोबरचा नफा दादांनी आठवड्यापूर्वीच पाहिला होता. आता त्यांच्या कागदावर एक आकडा आणि पडद्यावर दुसरा.

हे ओळखायची खूण सोपी आहे. ३१ ऑक्टोबरला त्या प्रीपेड खात्यात जमा बाकी दिसत होती. प्रीपेड ही मालमत्ता. तिथे जमा बाकी म्हणजे पैसे खात्यात यायच्या आधीच खर्ची पडलेत.

खरं तर ऑगस्टपासूनच त्या सेवेची तरतूद करायला हवी होती. पण ३६,८०० साठी मागचे महिने उघडायला सीए तयार नव्हते, मीही नव्हतो. त्या नोंदी रद्द केल्या, हिशोब ३१ ऑक्टोबरपर्यंत गोठवला आणि फेरी पुन्हा चालवली. ऑगस्ट ते नोव्हेंबर असे १२२ दिवसांचे ४८,८०० रुपये नोव्हेंबरात पडले. नोव्हेंबर थोडा जड झाला, दादांना आधीच सांगून ठेवलं. तेव्हापासून महिन्याचा कागद मालकांच्या हातात गेला की त्याच दिवशी तो महिना गोठवायचा, असा नियम झाला.

कच्च्या राहिलेल्या नोंदी

दर महिन्याची फेरी आपोआप व्हावी म्हणून `Automatically Process Deferred Accounting Entry` ला खूण केली. त्याच वेळी काकांनी अट घातली: "यंत्रानं मारलेली एन्ट्री माझ्या नजरेखालनं गेल्याबिगर खात्यात जायची न्हाई." अट मला रास्त वाटली. म्हणून `Book Deferred Entries Via Journal Entry` चालू केलं आणि `Submit Journal Entries` बंद ठेवलं. म्हणजे इआरपी जेव्ही कच्ची तयार करेल आणि काका बघून पक्की करतील. एएमसीची नोव्हेंबरची रक्कम मी स्वतः पक्की केली होती. विम्याच्या जेव्ही काकांच्या वाट्याला होत्या.

जानेवारीत मी सहज गेलो होतो. विम्याच्या पॉलिसीवरून एका कागदावर हिशेब केला. ३१ डिसेंबरनंतर २५९ दिवस उरतात, गुणिले ३,४००, म्हणजे ८,८०,६००. खात्यात बाकी होती १०,८८,०००. फरक २,०७,४००. नोव्हेंबरचे १,०२,००० आणि डिसेंबरचे १,०५,४०० यांची बेरीज नेमकी तेवढीच.

दोन्ही महिन्यांच्या जेव्ही कच्च्या पडून होत्या. नोव्हेंबरअखेरीस काकांच्या घरी लग्न होतं आणि ते पंधरा दिवस रजेवर होते. परत आल्यावर कच्च्या नोंदींची यादी बघायची हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, आणि ध्यानात राहावं असं काही आम्ही रचलंही नव्हतं. प्रणालीच्या लेखी मात्र ते महिने झालेले होते, कारण कच्ची का होईना, जेव्ही अस्तित्वात होती. पुढच्या फेरीने ते पुन्हा उचलले नसते, चूकही दाखवली नसती.

इथे निर्णय घ्यायचा होता. नोंदी थेट पक्क्या होऊ द्यायच्या की काकांची नजर ठेवायची? मी थेटच्या बाजूचा होतो. काका नाराज झाले. शेवटी ठरलं असं की नोंदी थेट पक्क्या होतील, पण महिना गोठवायच्या आधी प्रीपेड खात्याची बाकी काका कागदावरून पडताळतील. मागून बघताना हा बदल मला या प्रकरणातला सगळ्यात उपयोगाचा वाटतो. अकरा जेव्हींवरून नजर फिरवून काही कळत नाही. सगळ्या सारख्याच दिसतात. बाकी जुळवायला बसलं की एक आकडा दुसऱ्याशी भिडतो आणि काय ते समोर येतं.

अहवाल जुळला, तारीख चुकली

मशीन शॉपमध्ये व्हीएमसी हे नवं मशीनिंगचं यंत्र आलं आणि १० जानेवारी २०२५ पासून ते त्याच पॉलिसीत घालून घेतलं. त्याचा वाढीव हप्ता १,५५,००० रुपये. अशा एन्डॉर्समेंटची मुदत मूळ पॉलिसीबरोबरच संपते, म्हणजे १६ सप्टेंबर २०२५ ला. २५० दिवस, रोजचे ६२० रुपये.

विम्याच्या आयटमवर मीच `No of Months` मध्ये १२ घालून ठेवले होते, मॅडमचे कष्ट वाचावेत म्हणून. त्यांनी सुरुवातीची तारीख भरली आणि शेवटची तारीख प्रणालीने स्वतःच ९ जानेवारी २०२६ अशी भरली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

फेब्रुवारीत मी इआरपीतला `Deferred Revenue and Expense` अहवाल काढला. उरलेल्या वाट्यांची बेरीज आणि खात्याची बाकी पैशापर्यंत जुळली. मी निर्धास्त झालो. व्हायला नको होतं. तो अहवाल त्याच चुकीच्या तारखांवरून बनतो, म्हणून तो खात्याशी जुळणारच.

चूक काकांनी धरली, मार्चअखेरच्या त्यांच्या कागदी पडताळणीत. त्यांनी पॉलिसी आणि एन्डॉर्समेंटचे मूळ कागद पुढ्यात घेतले होते. ३१ मार्चनंतर दोन्हीचे १६९ दिवस उरतात. मूळ पॉलिसीचे ५,७४,६०० आणि एन्डॉर्समेंटचे १,०४,७८०, एकूण ६,७९,३८०. खात्यात १५,८२३ रुपये जास्त होते. रक्कम क्षुल्लक, पण तशीच सोडली असती तर सप्टेंबरात पॉलिसी संपल्यावरही ११५ दिवसांचे जवळपास ४९,००० रुपये प्रीपेड म्हणून खात्यात बसले असते, ज्या विम्याचं संरक्षणच उरलेलं नाही त्याचे.

आयटमवरचे ते १२ महिने मी त्याच दिवशी काढून टाकले. आता शेवटची तारीख हातानेच भरावी लागते. मॅडमचं एक काम वाढलं.

३१ मार्चची जेव्ही

एवढं होऊनही मोठी चूक व्हायची राहिली होती. सीएंच्या ऑफिसचा मुलगा आला, त्याने आपल्या नेहमीच्या एक्सेलमध्ये आगाऊ बिलं मांडली, पुढच्या वर्षाचा भाग काढला आणि दरवर्षीसारखी जेव्ही पाठवली: प्रीपेड विमा नावे ६,७९,३८०, विमा खर्च जमा ६,७९,३८०. त्याचा आकडा बिनचूक होता. पण तेवढीच रक्कम खात्यात आधीच होती. मॅडमनी जेव्ही मारली, कारण ती सीएंकडून आली होती.

वर्षाचा विमा खर्च १२,२३,६२० वरून ५,४४,२४० वर आला आणि नफा तेवढाच फुगला. पावणेसात लाखांच्या न झालेल्या नफ्यावर कर भरावा लागला असता. आणि १ एप्रिलला जेव्ही सवयीप्रमाणे उलटवली असती तर एप्रिल पुन्हा कोसळला असता, मग सगळं रामायण पहिल्यापासून.

काकांच्या कागदावर ६,७९,३८० होते, खात्यात १३,५८,७६०. त्यांनी मला फोन केला: "सर, बरोब्बर दुप्पट हाय. थोडं इकडंतिकडं असतं तर शोधायला लागलं असतं. दुप्पट म्हंजी कुणीतरी तेच परत केलंय."

जेव्ही रद्द झाली. सीएंना आता एक्सेलऐवजी काकांचा सही केलेला बाकीचा कागद जातो. ते तपासतात, स्वतः नोंद मारत नाहीत.

एकच जेव्ही वर्षाअखेरीस अजून लागते. प्रदूषण मंडळाच्या संमतीची पाच वर्षांची फी जानेवारीत एकदम भरली होती. तिचा महिन्याचा वाटा इआरपी पाडतं, पण ताळेबंदात पुढच्या बारा महिन्यांनंतरचा भाग, इथे मूळ फीच्या तीन चतुर्थांश, दीर्घकालीन मालमत्तेत दाखवावा लागतो. ही विभागणी इआरपी आपणहून करत नाही, खातं एकच असतं. ती हाताने करतो, फक्त मांडणीपुरती.

परिणाम

एप्रिल २०२५ चा नफा मार्चच्या आसपासच राहिला. दादांनी त्यावर फोन केला नाही, यावरून मी काय ते समजलो. महिन्याचा विमा आता लाख-सव्वा लाखाच्या आत-बाहेर दिसतो, आणि कास्टिंगचा दर काढताना किलोमागे विम्याचा खर्च पहिल्यांदाच धरला गेला.

काकांचा पडताळणीचा कागद अजून हातानेच लिहिलेला असतो. बिल, कागदावरची मुदत, उरलेले दिवस, रोजचा दर, बाकी. अकरा ओळींना अर्धा तास लागतो. हे एक्सेलात करा असं मी दोनदा सुचवून पाहिलं, मग नाद सोडला.

आता करायचं झालं तर

`Days` ऐवजी मी `Months` निवडलं असतं. सीएंच्या आकड्याशी रुपयापर्यंत जुळणी मिळाली खरी, पण ती वर्षातून एकदाच लागते. मालक दर महिन्याला वाचतात, आणि फेब्रुवारी-मार्चचा फरक दर वर्षी समजावून सांगावा लागणार. आता मध्येच बदलायचं तर चालू बिलांचे उरलेले वाटे वेगळ्या रीतीने निघतील, म्हणून ते आहे तसंच ठेवलंय.

सीएंच्या ऑफिसला ऑक्टोबरमध्येच लेखी कळवायला हवं होतं. मी काकांना सांगितलं, दादांना सांगितलं, आणि जो माणूस वर्षाची जेव्ही मारणार त्याला सोडून सगळ्यांना सांगितलं.

आणि हप्त्याची ओळ बुक करतानाच तिचे दोन भाग करायला हवे होते, एक फाउंड्रीचा आणि एक मशीन शॉपचा. सगळा विमा फाउंड्रीच्या कॉस्ट सेंटरवर पडला, त्यामुळे मशीनिंगचं काम वर्षभर आहे त्यापेक्षा स्वस्त दिसलं. एकदा वाटे पडायला लागले की ही दुरुस्ती महिन्यागणिक करावी लागते. नव्या बिलाची वाट बघणं सोयीचं होतं.

ते बिल ८ सप्टेंबर २०२५ ला आलं. मॅडमनी ते दोन दिवस बुकच केलं नाही. बिलावर हप्ता होता, मुदत नव्हती, आणि पॉलिसीचा कागद एजंटाकडे अडकला होता. एजंट फोनवर म्हणाला, वर्षाचीच आहे हो, टाका बारा महिने. मॅडम म्हणाल्या, "तारखा कागदावर पाठवा, मग टाकते." कागद आला, दोन ओळी झाल्या, दोन्हींची सुरुवात १७ सप्टेंबरची. महिनाअखेरच्या फेरीत जुन्या पॉलिसीचे १६ दिवस आणि नवीचे १४ असे वेगवेगळे पडले, आणि काकांच्या कागदावर जुन्या पॉलिसीपुढे आणि एन्डॉर्समेंटपुढे शून्य आलं.